चार बॅगा मिळून वजन बसतंय, पण दोन बॅगा २३ किलोच्या वर आहेत. काउंटरवर अडवतील का?

गोरेगाव_पूर्व

मंडळी, आई-बाबा पुढच्या शुक्रवारी ताईकडे न्यू जर्सीला चाललेत. मुंबई टी-२ वरून रात्रीचं विमान, युरोपात एक थांबा, तिथून नेवार्क. सगळं एकाच तिकिटावर आहे. तिकिटावर बॅगेजपुढे "2PC" असं लिहिलंय आणि कंपनीच्या साइटवर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा असं दिसतं. हातातली बॅग ७ किलो.

आज हातकाट्यावर सगळ्या बॅगा मोजल्या. मोठी निळी २५.६, लाल २४.३, काळी २१.२ आणि जुनी चेकची १९.८. बेरीज ९०.९. दोघांचे मिळून ९२ होतात, म्हणजे आपण आतच आहोत. बाबांचं म्हणणं, एकूण वजन बसतंय ना, मग कोण कशाला विचारतंय. आईचं म्हणणं, बॅगा उघडायच्याच नाहीत, कारण सगळं एकदाचं बसलंय.

कोणाला नक्की माहीत आहे का?

---

खिडकीशेजारी

बाबांचं बरोबर आहे. एकाच पीएनआरवर असाल तर वजन पूल होतं. आम्ही दरवर्षी दुबईला जातो, चौघांचे १२० किलो. एक बॅग २७ ची, एक ३१ ची, एक अगदी १४ ची. आजवर कोणी हटकलं नाही. दोघांनी एकत्र काउंटरवर जायचं आणि सगळ्या बॅगा एकदम ठेवायच्या, बस.

---

गोरेगाव_पूर्व

धन्यवाद! म्हणजे न उघडता चालेल. आईला सांगतो.

---

सहार_निवृत्त

थांबा, आईंना इतक्यात सांगू नका.

मी बरीच वर्षं सहारला चेक-इन काउंटरच्या पलीकडे बसत होते. खिडकीशेजारी म्हणतात ते दुबईसाठी अगदी खरं आहे, पण तुमच्या तिकिटाला ते लागू नाही. तिकिटावर "30K" लिहिलं असतं तेव्हा तुम्हाला किलो दिलेले असतात. ते किती बॅगांत भरायचे हे बहुतेक वेळा तुमचं तुम्ही बघायचं, आणि एका पीएनआरवरची माणसं एकत्र आली की बेरीजच बघतात. तुमच्या तिकिटावर "2PC" आहे. तिथे तुम्हाला नग दिलेत, आणि दर नगाला २३ ची मर्यादा आहे. काळ्या बॅगेत १.८ किलो जागा उरली म्हणून निळीचे २.६ किलो माफ होत नाहीत. काउंटरवरची मुलगी बेरीज करतच नाही. ती एक बॅग बेल्टवर घेते, आकडा बघते, मग दुसरी घेते.

नग पूल होतात, हे मात्र खरं. म्हणजे बाबांच्या नावावर तीन आणि आईंच्या नावावर एक बॅग गेली तरी बहुधा कोणी हरकत घेत नाही. नगातलं वजन पूल होत नाही.

आता तुमचं गणित बघू. निळीतून २.९ किलो काढून चेकच्या बॅगेत टाका. दोन्ही २२.७ वर येतील. लालमधून १.४ काढून काळीत टाका. लाल २२.९, काळी २२.६. चारही बॅगा २३ च्या आत बसतात. पण इथे खूश होऊ नका, कारण हातकाटा पाव-अर्धा किलो सहज इकडेतिकडे दाखवतो. लालच्या बाबतीत तुमच्याकडे १०० ग्रॅमचीच सूट आहे. मी असते तर चारही बॅगा २२.५ ला आणल्या असत्या. त्याचे होतात ९०. म्हणजे ९०० ग्रॅम सामान बॅगांतून काढून घरी ठेवायचं किंवा हातातल्या बॅगेत घालायचं. तेवढंच.

---

खिडकीशेजारी

बरं झालं सांगितलंत. दुबईच्या तिकिटावर 30K असतं हे आत्ता काढून बघितलं, कधी लक्षच दिलं नव्हतं.

---

गोरेगाव_पूर्व

बाप रे. म्हणजे उघडाव्या लागणार.

हातातल्या बॅगा ६.२ आणि ५.४ आहेत. तिथे जागा आहे. एक विचारू का? समजा आईने ऐकलंच नाही आणि तशाच नेल्या, तर काउंटरवर नेमकं काय होतं? बाबा म्हणतात दोन-अडीच किलोला काही म्हणत नाहीत.

---

पार्ले_टिळकरोड

डीजीसीएचा नियम आहे की १५ ते २० किलोपर्यंत जादा वजनाला किलोमागे १०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. मी स्वतः पेपरात वाचलंय. प्रवासी बोलत नाहीत म्हणून कंपन्या लुटतात. तुम्ही सरळ परिपत्रक दाखवा.

---

सहार_निवृत्त

पार्ले, तुम्ही वाचलंत ते खरंच छापून आलं होतं, पण ते २०१६ चं आहे. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. आणि ते होतं तेव्हाही देशांतर्गत विमानांपुरतंच होतं. आज देशातल्या प्रवासातसुद्धा काउंटरवर किलोमागे पाचशेच्या वर मोजावे लागतात, कर वेगळा. परिपत्रक दाखवून वाद घालायला गेलात तर मागची रांग तुमच्यावर उखडेल, बाकी काही होणार नाही.

गोरेगाव, काउंटरवर काय होतं ते सांगते.

२३.३, २३.४ असेल तर बरेच जण सोडून देतात. तो त्या मुलीचा मोठेपणा, तुमचा हक्क नव्हे. विमान भरलेलं असेल, सुपरवायझर मागे उभा असेल, तर तीच मुलगी सोडणार नाही. २५.६ ला मात्र कोणीच सोडत नाही. सेल्फ बॅग ड्रॉपच्या यंत्रापुढे तर गयावयाही चालत नाही, बॅग घेतच नाही ते.

मग ती म्हणेल, "सर, बॅग ओव्हरवेट आहे, सामान काढा किंवा पैसे भरा." सामान काढायचं तर बॅग उचलून बाजूला जायचं, तिथे जमिनीवर उघडायची, आणि परत आल्यावर बहुतेक वेळा तीच मुलगी पुन्हा रांगेत न लावता बोलावते. हे आधी विचारून घ्या: "मॅडम, परत आल्यावर इथेच येऊ ना?"

पैसे भरायचे तर नगाच्या तिकिटावर किलोचा हिशोब नसतो. २३ ते ३२ मधली बॅग म्हणजे एक ठोक रक्कम. कंपनीप्रमाणे कमीजास्त, पण साधारण शंभर डॉलरच्या घरात. २३.८ असो की ३१, रक्कम तीच. तुमच्या दोन बॅगा वर आहेत म्हणजे दोनदा ती रक्कम. अडीच आणि सव्वा किलोसाठी! भरणा दुसऱ्या खिडकीवर असेल तर बोर्डिंग पास अडकवून ठेवतात, तिकडे कार्डाने भरायचं, पावती घेऊन परत यायचं, मग टॅग लागतो आणि बॅग आत जाते. पावतीशिवाय एक रुपया कोणाच्या हातात देऊ नका.

३२ च्या वर मात्र पैसे देऊनही घेत नाहीत. बॅगा शेवटी माणसं उचलतात, विमानाच्या पोटात वाकून. त्यांच्या पाठीचा विचार करून ती मर्यादा ठरलेली आहे आणि जवळपास सगळीकडे तीच आहे.

---

नागपूरची_संत्री

माझाही हाच प्रश्न आहे. माझा भाचा नागपूरहून मुंबईला येऊन मग शिकागोला जाणार. त्यालाही 2PC आहे. म्हणजे नागपूरला ४६ किलो चालतील ना?

---

सहार_निवृत्त

तुमचा प्रश्न तोच वाटतो, पण तो वेगळा आहे. नागपूर-मुंबई आणि मुंबई-शिकागो एकाच तिकिटावर आहे की वेगवेगळं काढलंय?

---

नागपूरची_संत्री

वेगळं. स्वस्त पडलं म्हणून.

---

सहार_निवृत्त

मग नागपूरला त्याच्याकडे १५ किलोच आहेत. एकाच तिकिटावर असतं तर नागपूरलाच शिकागोचे दोन नग मिळाले असते आणि टॅगही शिकागोपर्यंत लागला असता. वेगळ्या तिकिटावर नागपूरच्या काउंटरला शिकागो दिसतच नाही. ४६ उणे १५, म्हणजे ३१ किलो जादा. काउंटरच्या दराने ते तिकिटापेक्षा महाग पडेल, कदाचित दोन्ही वेळच्या तिकिटापेक्षाही.

काही कंपन्या पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवलं तर जादा वजन देतात किंवा त्यासाठी वेगळा स्वस्त पर्याय ठेवतात. आजच ज्या कंपनीचं नागपूरचं तिकीट आहे तिला विचारा, आणि जे म्हणतील ते ईमेलवर घ्या. नाही म्हणाले तर साइटवर आगाऊ जादा वजन विकत घ्या. तीन, पाच, दहा, पंधरा किलो अशा टप्प्यांनी मिळतं आणि काउंटरपेक्षा बरंच कमी पडतं. विमान सुटण्याच्या काही तास आधी ते बंद होतं, म्हणून विमानतळावर पोचून मोबाइलवर घेऊ असं ठरवू नका.

किंवा सरळ विदर्भ एक्स्प्रेस.

---

नागपूरची_संत्री

विदर्भचं तिकीट बघते. 🙂

---

काटा_कुळकर्णी

एक मुद्दा सगळे विसरतात. काउंटरचा काटा हासुद्धा काटाच आहे. वाण्याच्या काट्याला जो वैध मापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो तोच त्यालाही लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते. बॅग ठेवण्याआधी रिकाम्या बेल्टवर शून्य दिसतंय का ते बघा. आधीच्या प्रवाशाची बॅग पुढे सरकली नसेल, किंवा मागच्याने ट्रॉली टेकवली असेल, तर आकडा चुकतो.

माझ्यासमोरच एका बाईंच्या बॅगेचं वजन १६.९ आलं होतं. बघितलं तर त्यांच्याच लेकाने हाताची बॅग मोठ्या बॅगेवर टेकवून धरली होती. उचलली आणि १४.६. शंका असेल तर शांतपणे म्हणायचं, शेजारच्या काउंटरवर बघू या का. बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत.

---

सहार_निवृत्त

+१. उलटही होतं बरं का. मोठी बॅग आडवी नीट न ठेवता बेल्टच्या कडेच्या पत्र्याला टेकवून उभी केली की आकडा कमी येतो. काही जण मुद्दाम करतात. आम्हाला ते दिसत नाही असं त्यांना वाटतं.

---

पार्ले_टिळकरोड

मला एक कळत नाही. हातातल्या बॅगेत लोक दहा-दहा किलो भरून नेतात, त्यांना कोणी विचारत नाही, आणि खालच्या बॅगेला अर्ध्या किलोसाठी छळतात. विमानाला वजन कुठलं, वर की खाली, याने काय फरक पडतो?

---

सहार_निवृत्त

फरक आहे. खाली जाणाऱ्या प्रत्येक बॅगेचं खरं वजन मोजून नोंदलं जातं. विमानाच्या पुढच्या भागात किती आणि मागच्या भागात किती हे त्या आकड्यांवरून ठरतं, आणि वैमानिकाला त्याचा कागद मिळतो. हातातलं सामान कोणी एकेक करून मोजत नाही. माणसामागे हातसामानासकट एक ठरीव वजन धरतात आणि तेच गुणतात. म्हणून हातातल्या बॅगेला आकारावर जास्त धरतात, वरच्या कप्प्यात बसली पाहिजे ना. वजन अधूनमधून बघतात, कधी काउंटरवर, कधी थेट गेटवर. पैशाचा भाग आहेच, तो नाकारत नाही.

गेटवर सापडलं तर जास्त वाईट. तिथे बॅग काढून घेऊन खाली पाठवतात, पैसे लावतात, आणि उघडून सामान बदलायला ना वेळ असतो ना जागा.

---

गोरेगाव_पूर्व

आईला पटवलं. आज रात्री बॅगा उघडतोय. जे ९०० ग्रॅम काढायचे ते हातातल्या बॅगेत घालतो. आई म्हणते मसाल्याचे डबे काढ, तेच जड आहेत. गोडा मसाला, लाल तिखट, मेतकूट आणि लोणच्याची बरणी.

---

सहार_निवृत्त

नको नको नको! याच ठिकाणी सगळे फसतात. खालच्या बॅगेत जे चालतं ते हातात चालतंच असं नाही. काउंटरवर घाईघाईत बॅग हलकी करतात, सापडेल ती जड वस्तू हातातल्या पिशवीत कोंबतात, आणि पुढे सिक्युरिटीला ती कचऱ्याच्या डब्यात जाते. लोणच्यात तेल आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातात १०० मिलीच्या वरची द्रव वस्तू चालत नाही, आणि बरणी तर बाद झालीच समजा. लाल तिखट हातातल्या सामानात नेऊच देत नाहीत. आणि अमेरिकेच्या विमानाला पावडरचा वेगळाच नियम आहे. साधारण ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर हातात असली तर अमेरिकेकडे जाणाऱ्या शेवटच्या विमानतळावर, म्हणजे तुमच्या बाबतीत युरोपात, ती उघडून तपासतात आणि समाधान झालं नाही तर काढून घेतात. तिथे रात्रभर जागलेल्या आई-बाबांनी मेतकूट म्हणजे काय हे कोणाला समजावायचं?

डबे खालीच राहू देत. कपडे, शाली, चपला, पुस्तकं वर आणा. स्वेटर तर अंगावरच घालायला सांगा, विमानात थंडी असतेच.

---

दादरची_पुस्तकवाली

दिवाळी अंक! माझ्या नणंदेला नेते तेव्हा सगळे अंक हातातच. चार अंक म्हणजे किलोभर सहज. सिक्युरिटीला गठ्ठा दिसला की बॅग कधीकधी बाजूला काढतात, चाळून बघतात, देतात परत.

---

गोरेगाव_पूर्व

दिवाळी अंक आहेतच निळीत, ताईने मागवलेत. तेच काढतो. वाः.

---

कांदिवली_चारकोप

खोबरं नेताय का? सुकं खोबरं विमानात चालत नाही, खालीही नाही आणि वरही नाही. नारळच बंद आहे.

---

सहार_निवृत्त

सुकं खोबरं, म्हणजे वाट्या, दोन्हीकडे बंद आहेत हे बरोबर. त्यात तेल भरपूर असतं, साठ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहे. पाणी असलेल्या ताज्या नारळाचं कारण ते नव्हे, तिथे कंपनी-कंपनीत फरक आहे.

---

कांदिवली_चारकोप

मग किसून भाजून मसाल्यात घातलेलं? गोड्या मसाल्यात असतंच की.

---

सहार_निवृत्त

त्याला कधी कोणी अडवल्याचं मी पाहिलं नाही. पण लेखी नियम विचाराल तर छातीठोक नाही सांगणार.

---

एंजिनिअर_ठाणे

उलट दिशेचंही लिहितो. हातातली बॅग जड निघाली म्हणून काउंटरवर ती खाली टाकायची ठरली, तर आधी तिच्यातून पॉवर बँक काढा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या खाली चालतच नाहीत. खालच्या सामानात सापडली तर बॅग थांबते आणि नावाने बोलावणं येतं. गेटवर बॅग काढून घेतली तरी तेच. म्हणून मी पॉवर बँक, औषधं, पासपोर्टची फाइल एका छोट्या कापडी पिशवीत वेगळी ठेवतो. बॅग गेली तर पिशवी काढून घ्यायची.

क्षमतेची मर्यादा १०० वॅट-तास आहे. वर मिलीअँपिअर लिहिलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा. २०,००० वाली ७४ येते, म्हणजे चालते. १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी लागते. छापील आकडा पुसला गेला असेल तर काढून घेतात, मग ती कितीही लहान असो.

---

गोरेगाव_पूर्व

बाबांची आहे २०,००० ची. आकडा अर्धा पुसलाय. माझी देतो त्यांना.

अजून एक. टी-२ ला बॅग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून देतात ना, ती घ्यावी का? आई हट्ट धरून बसली आहे, जुन्या चेकच्या बॅगेची चेन कमकुवत आहे म्हणून.

---

काटा_कुळकर्णी

घ्या, पण वजन करून झाल्यावर. गुंडाळलेली बॅग काउंटरवर जड निघाली तर ते प्लॅस्टिक कापावं लागतं आणि पुन्हा गुंडाळायचे पुन्हा पैसे. शिवाय प्लॅस्टिकचंही थोडं वजन असतंच. मोकळा काटा दिसला तर आधी त्यावर बॅग ठेवून बघायची, मग गुंडाळायला द्यायची.

---

दादरची_पुस्तकवाली

चेन कमकुवत असेल तर साधा पट्टा बांधा. दीडशे-दोनशेला मनीष मार्केटला मिळतो.

---

सहार_निवृत्त

पट्टा चांगला. आणि त्या जुन्या चेकच्या बॅगेचं रिकामं वजन किती आहे? मोठी कडक बॅग असेल तर चार-पाच किलो तिचेच असतात. २३ मधले पाच गेले तर सामान १८ चंच.

---

गोरेगाव_पूर्व

ती कापडी आहे, साधारण तीन. निळीच कडक आहे. ४.८!

---

सहार_निवृत्त

मग कळलं ना २५.६ कुठून आले.

आणखी एक सांगते, हे फक्त मुंबईपुरतं नाही पण मुंबईला जास्त जाणवतं. सोडायला जाल तेव्हा आई-बाबा आत गेले की लगेच गाडी वळवू नका. तिकीट आणि ओळखपत्र दाखवून एकदा आत गेलेल्या माणसाला पुन्हा बाहेर यायचं तर गेटवर सीआयएसएफकडे नोंद करून यावं लागतं, आणि रात्री अकरा-बारानंतर टी-२ ला त्या गर्दीत ते म्हाताऱ्या माणसांना नको होतं. तरीही काही काढावंच लागलं तर ते देणार कोणाला? तुम्ही जवळ असाल तर निदान ते फेकून देण्याची वेळ येणार नाही. बॅगा बेल्टवरून गेल्या असा फोन आला की मग निघा.

आणि वेळ हातात ठेवा. काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतं, काही कंपन्यांचं सव्वा तास. बॅग उघडून बंद करायला वीस मिनिटं लागतात, पैशाच्या खिडकीवर रांग असेल तर तेवढीच आणखी. घाईत सगळे पैसेच भरतात.

---

खिडकीशेजारी

सहारताई, एक विचारू? दुबईला आमची ३१ ची बॅग चालते म्हणालो. ३३ झाली असती तर?

---

सहार_निवृत्त

तर १२० पैकी कितीही शिल्लक असले तरी ती घेतली नसती. ३२ ची मर्यादा किलोच्या तिकिटालाही लागू आहे. दोन भाग करा म्हटलं असतं. आणि काही कंपन्या किलोच्या तिकिटावरही नगांची संख्या ठरवून देतात, तेव्हा जादा नगाचे पैसे वेगळे. १२० किलो म्हणून बारा छोट्या पिशव्या न्याल तर पंचाईत होईल.

---

पार्ले_टिळकरोड

हे सगळं एका ठिकाणी लिहून विमानतळाच्या दारावर लावायला काय जातं यांचं? माणूस आत गेल्यावर कळतं.

---

एंजिनिअर_ठाणे

तिकिटावर लिहिलेलं असतं हो. कोणी वाचत नाही. मीही दर किंवा सीट बघून पुढे जातो.

---

गोरेगाव_पूर्व

अपडेट. रात्री उशिरापर्यंत बसून केलं. निळी २२.४, लाल २२.५, काळी २२.६, चेकची २२.३. हातातल्या ६.९ आणि ५.६. दिवाळी अंक आणि बाबांची एक चपलांची जोडी वर आली. मेतकूट खालीच.

बाबा अजून म्हणतात हे उगाच. परत येताना काय करायचं ते विचारायचं राहिलं. तिथे ताईचा काटा पाउंडात आहे.

---

सहार_निवृत्त

२३ किलो म्हणजे ५० पाउंड, ३२ म्हणजे ७०. ताईंना एवढेच दोन आकडे लिहून द्या. न्हाणीघरातल्या काट्यावर नुसती बॅग ठेवली की ती जमिनीला टेकते आणि आकडा चुकतो. बॅग उचलून माणसाने उभं राहायचं, मग नुसत्या माणसाचं वजन करून वजा करायचं. येताना बॅगा चॉकलेटांनी भरतात, ती जड असतात. आणि मुंबईत उतरून पुढे कुठे देशातल्या विमानाने जाणार असतील, लग्नाला वगैरे, तर वर नागपूरवाल्यांना लिहिलंय ते वाचा.

---

गोरेगाव_पूर्व

थेट घरीच येणार. पण मावशीचं गोव्याला काहीतरी ठरतंय म्हणे. विचारून कळवतो.

---

कांदिवली_चारकोप

ते मसाल्यातल्या खोबऱ्याचं कोणाला लेखी सापडलं तर इथे टाका हो. माझी पुतणी पुढच्या महिन्यात जाते आहे आणि तिच्या सासूबाईंनी दोन किलो मसाला करून ठेवलाय.